फाटक रडण्याने उघडू नये

रविवारी पोट दुखत नाही. शाळेत जायला नकार देणाऱ्या मुलाला तपासताना डॉक्टर दुखण्याची जागा विचारतात आणि त्याची वेळही विचारतात, ती याचसाठी. सोमवार ते शनिवार शाळेच्या तासभर आधी पोटात मुरडा येतो, मळमळतं, डोकं धरतं. "बरं, आज राहू दे," असं आईने म्हटलं की अर्ध्या तासात मूल खेळायला लागतं. रविवारी दिवसभर काही नसतं आणि संध्याकाळी चेहरा पुन्हा उतरतो. हे सगळं नाटक आहे, असा निकाल घरातलं कुणीतरी देऊन टाकतंच. पण ते नाटक नसतं. भीतीने खरोखर पोटात कळ येते, ओकारी होते, हातपाय गार पडतात. परीक्षेच्या सकाळी हे थोरामोठ्यांनाही होतं. दुखणं खरं आहे, फक्त त्याचं मूळ पोटात नाही.

तरीही एकदा डॉक्टरांना दाखवावं. रात्री झोपेतून जागं करणारं दुखणं, घटणारं वजन, रेंगाळलेला ताप, शौचावाटे रक्त, सुट्टीच्या दिवशीही न थांबणारी कळ, यांपैकी काही असेल तर तपासण्या हव्यातच. यांतलं काही नसेल आणि एका डॉक्टरांनी नीट पाहिलं असेल, तर तिथे थांबावं. तिसरी सोनोग्राफी मुलाला एवढंच शिकवते की आपल्या पोटात काहीतरी भयंकर आहे आणि मोठ्यांनाही ते सापडत नाही.

शाळा बुडवणारी मुलं वेगळी. ती दप्तर घेऊन निघतात आणि मैदानावर किंवा मित्राकडे सापडतात. घरी पत्ता नसतो. इथे उलट आहे. मूल घरातच असतं, आईवडिलांच्या डोळ्यांसमोर, अनेकदा अभ्यासही करतं. फक्त उंबरा ओलांडत नाही. अमेरिकेतल्या अॅडलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1941 मध्ये अशा मुलांविषयी लिहिताना 'स्कूल फोबिया' हा शब्द वापरला. पण पुढे लक्षात आलं की यांतल्या बऱ्याच मुलांना शाळेची भीती नसतेच. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी 1973 च्या आपल्या ग्रंथात एक प्रकार नेमका मांडला: आपण शाळेत असताना घरी आईला काहीतरी होईल, या भीतीने मूल घर सोडत नाही. त्याला घरी राहायचं नसतं, घरावर पहारा ठेवायचा असतो.

जूनमध्ये बालवाडीच्या दारात होणारी रडारड यात धरायची नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाने आईचा पदर सोडताना रडणं हे वाढीचं लक्षण आहे आणि बहुतेकांचं ते काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. वियोगाची चिंता हा विकार म्हणण्यासाठी मुलांमध्ये ती किमान चार आठवडे टिकलेली असावी, वयाला न शोभेल इतकी असावी आणि तिच्यामुळे झोप, शाळा, खेळ अडलेले असावेत, असा तज्ज्ञांचा निकष आहे. एकटं न झोपणं, मावशीकडे रात्री न राहणं, आई बाथरूममध्ये गेली तरी दाराशी उभं राहणं, आई हरवल्याची स्वप्नं, हे सगळं शाळेच्या नकाराबरोबर दिसत असेल तर दिशा स्पष्ट होते.

दिशा स्पष्ट करून घेणं का महत्त्वाचं, तेही सांगायला हवं. ख्रिस्तोफर कर्नी आणि वेंडी सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये असा आग्रह धरला की नकार कसा दिसतो यापेक्षा त्या नकारातून मुलाला काय मिळतं ते पाहा. एखादं मूल शाळेतल्या कशापासून तरी सुटका मिळवतं, एखादं चारचौघांत उत्तर देण्याच्या प्रसंगापासून. एखाद्याला आईची सोबत मिळते आणि एखाद्याला घरचा टीव्ही. एकाच मुलात दोन कारणंही असतात. पुढे ज्या हळूहळू परतण्याच्या योजनेविषयी लिहिलं आहे, ती भीती अवास्तव असेल तिथेच लावायची. वर्गात मार बसत असेल, व्हॅनमध्ये मोठी मुलं छळत असतील, वाचता येत नाही म्हणून हसं होत असेल, किंवा शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी नाही म्हणून मुलगी दिवसभर लघवी दाबून बसत असेल, तर पायरीपायरीने परत नेणं म्हणजे मुलाला बेताबेताने त्याच संकटात लोटणं. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 नेच बंदी आहे. तिथे आधी शाळेला जाब विचारायचा. म्हणून योजना आखण्याआधी मुलाशी एकांतात, घाई न करता बोलावं. "का जात नाहीस?" याला उत्तर मिळत नाही. "फाटकापासून घरी येईपर्यंत काय काय होतं ते सांग," याला मिळतं.

आता एक उदाहरण बेतू. ही कुणी एक मुलगी नाही. अशा मुलांच्या बाबतीत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ती उभी केली आहे. तिसरीतली मुलगी, दुपारची शाळा, बारा ते साडेपाच. गणपतीनंतरच्या आठवड्यात ती शाळेतून घरी आली तर दाराला कुलूप. शेजारच्या काकूंनी तिला आपल्याकडे बसवलं, दूध दिलं आणि "आई येईल हं" एवढंच सांगितलं. आईच्या पित्ताशयात खडे होते, दुपारी अचानक असह्य दुखू लागलं आणि ऑपरेशन करावं लागलं. आई पाच दिवसांनी परत आली, बरी झाली. मुलीला कुणी काही समजावून सांगितलं नाही. लहान आहे, घाबरेल, म्हणून. तिने स्वतःच निष्कर्ष काढला: मी शाळेत असते तेव्हा आई नाहीशी होते. पुढचे तीन आठवडे ती कधी गेली, कधी नाही, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाणं पूर्ण थांबलं.

दुपारच्या शाळेचा एक त्रास सकाळच्या शाळेला नसतो. सहा वाजता उठवून सातला फाटकात सोडलेल्या मुलाला घाबरायला वेळ कमी मिळतो. इथे उठल्यापासून बारापर्यंत भीतीला वाढायला चार-पाच तास मोकळे असतात आणि नेमकं जेवायच्या वेळी, साडेदहा-अकराला, ती शिगेला पोहोचते. घास उतरत नाही, उतरला तर परत येतो, आणि "उपाशीपोटी कशी पाठवू?" या प्रश्नावर आई हरते.

घरच्यांनी आणि शाळेने पहिली योजना केली ती कुणालाही सुचेल अशी होती. बारा ते एक, एकच तास बसायचं. आई व्हरांड्यात बसेल. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी बारा चाळीसला रडणं सुरू झालं. बाईंपुढे आणखी पंचेचाळीस मुलं होती. त्या दारात येऊन आईला म्हणाल्या, "आज घेऊन जा हिला." तिसऱ्या दिवशी रडणं बारा वीसला सुरू झालं आणि चौथ्या दिवशी फाटकातच.

सगळी गोम इथे आहे. रडणं चढत गेलं की भीतीही चढत जाते, आणि ती सर्वात वर असताना आई उठून मुलीला घरी नेते. पाच मिनिटांत मुलगी शांत. आईला वाटतं आपण मुलीला वाचवलं, मुलीला वाटतं आपण जेमतेम वाचलो. भीती आपणहून उतरते हे अनुभवायची संधीच तिला मिळाली नाही, आणि सुटका कशाने होते ते मात्र पक्कं कळलं. यात लबाडी नाही. आठ वर्षांची मुलगी असा हिशेब मांडत नाही. तिचं शरीर तो मांडतं. व्हरांड्यातल्या आईनेही एक अडचण करून ठेवली: आई आहे ना, हे पाहायला मुलगी दर पाच मिनिटांनी दाराकडे बघत होती, त्यामुळे वर्गात ती बसलीच नव्हती.

दुसरी योजना करताना आधी मुलीलाच कामाला लावलं. संध्याकाळी, ती शांत असताना, शाळेच्या दिवसातली एकेक गोष्ट घेऊन शून्य ते दहा असे भीतीचे गुण तिने द्यायचे. युनिफॉर्म घालणं दोन. रिक्षात बसणं चार. वर्गात बाकावर बसणं पाच. शेवटचे दोन तास सात. फाटकातून एकटीने आत जाणं आठ. दहा कशाला? "घरी आल्यावर आई नसणं." ही यादी कागदावर आली आणि दोन गोष्टी उघड झाल्या. वर्ग आणि बाई ही अडचण नव्हतीच. आणि शाळेत तिला पूर्ण वेळ बसवलं तरी दहा गुणांची भीती तिथे नव्हती, घरच्या दाराशी होती. तिला हात घातल्याशिवाय काम पुरं होणार नव्हतं.

मग दिवस उलट्या टोकाकडून बांधला. पहिले चार दिवस चार दहाला जायचं, शेवटचे दोन तास बसायचं आणि साडेपाचला सगळ्यांबरोबर सुटायचं. यातलं मर्म सुटण्यात आहे. लवकर सुटणारं मूल एकटं सुटतं, चाळीस डोळे त्याच्याकडे बघतात, आणि सुटण्याचा संबंध त्याच्या हालांशी जुळतो. शेवटी येणारं मूल घंटेने सुटतं. ती घंटा त्याच्या रडण्याने पाच मिनिटंही अलीकडे येत नाही. पुढचे चार-पाच दिवस सव्वातीनला, मोठी सुट्टी संपताना जायचं. त्या वेळी सगळीच मुलं आत शिरत असतात, त्यामुळे कुणी विचारत नाही. मग दीड वाजता, आणि चौथ्या आठवड्यात बाराला, प्रार्थनेपासून. प्रत्येक पायरीचे दिवस आणि वेळा आधीच लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावल्या. एक प्रत बाईंकडे, एक मुख्याध्यापिकांकडे.

लिहिण्यावर माझा विशेष भर आहे. "बघू, जमेल तसं वाढवू," या बोलीवर सुरू झालेली अर्ध्या दिवसाची सवलत वर्षभर अर्ध्याच दिवसाची राहते. कुणाच्याही मनात खोट नसते. फक्त रोज सकाळी नव्याने वाटाघाट करावी लागते आणि वाटाघाटीत घाबरलेलं मूल नेहमी जिंकतं. मुलाला ठरवू द्यावं, पण पायरीच्या आत: निळी बाटली न्यायची की लाल, रिक्षाने की बाबांच्या गाडीवर, मैत्रीण फाटकाशी थांबेल की वर्गात. जायचं की नाही, हा त्या सकाळचा प्रश्न नसतो. तो आदल्या संध्याकाळी संपलेला असतो.

सोडायला आई जाणार नाही, हेही ठरलं. हे ऐकताना आईला दुखावल्यासारखं वाटतं, पण कारण सरळ आहे. ज्याच्यापासून दूर होण्याची भीती आहे त्याच्याच हातून हात सोडवणं सर्वात कठीण. वडिलांकडून, आजोबांकडून, मावशीकडून मूल त्या मानाने सहज सुटतं. इथे वडिलांनी पहिला आठवडा दुपारी चारला कामावरून निघायची परवानगी काढली. वर्ग सोडून बाई फाटकाशी येऊ शकत नाहीत, म्हणून मुख्याध्यापिकांनी ते काम शिपाईमावशींना दिलं. वडिलांनी फाटकाशी एकच वाक्य म्हणायचं, हात मावशींच्या हातात द्यायचा आणि वळायचं. मिनिटभराच्या वर निरोप लांबवायचा नाही. आणि मूल खेळण्यात गुंतलंय असं बघून गुपचूप सटकायचंही नाही. ही युक्ती आपल्याकडे घरोघरी चालते आणि ती त्या दिवसापुरती लागूही पडते. पण आई कधीही न सांगता गायब होऊ शकते, या मुलीच्या नेमक्या भीतीला तिने पुरावा मिळतो.

वर्गाचा नियम असा होता: रडायला परवानगी आहे, घरी जायला नाही. फार झालं तर ऑफिसाबाहेरच्या खुर्चीवर, घड्याळासमोर, दहा मिनिटं बसायचं आणि वर्गात परत यायचं. बाईंनी समजूत घालत बसायचं नाही, रागवायचंही नाही. ती आली की लगेच हाताला काम द्यायचं, वह्या वाटणं किंवा फळा पुसणं, कारण पहिली पाच-सात मिनिटं गेली की पुढचा तास बराचसा आपोआप जातो. "अरे वा, आज आल्या का बाईसाहेब!" असं कौतुकानेही म्हणायचं नाही, टाळ्या तर नकोतच. मुलं "कुठे होतीस?" असं विचारणारच, त्याचं एक छोटं उत्तर घरून पाठ करून नेलं होतं: "बरं नव्हतं, आता येते." बुडालेल्या अभ्यासाच्या वह्या पूर्ण करायची सक्ती महिनाभर नको, असं बाईंनी स्वतः सुचवलं. शहाणपणाचं होतं. परतलेलं मूल दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बंद पडतं, त्यात सात विषयांच्या अपुऱ्या वह्यांचा हात पुष्कळदा असतो.

फोनबद्दल तेवढंच कडक राहावं लागलं. मुलीने शाळेतून आईला फोन करायचा नाही, कारण आवाज ऐकला की भीती पहिल्या अंकावर परत जाते. उलट बाईंनी वीस मिनिटांनी वडिलांना एक मेसेज करायचा: बसली आहे, किंवा अजून रडते आहे. हा मेसेज मुलीसाठी नसतो. फाटकापासून निघून कोपऱ्यावर गाडी थांबवून बसलेल्या बापासाठी असतो, नाहीतर तो परत येतो.

घरी उरलेल्या वेळेचं काय? सकाळी दहा ते निघेपर्यंत घर शाळेसारखं साधं ठेवायचं: टेबलाशी अभ्यास, वाचन, चित्रं; टीव्ही आणि मोबाइल साडेपाचनंतर. ही शिक्षा म्हणून सांगायची नाही, शाळेच्या वेळात कुणीच टीव्ही बघत नाही म्हणून. आजीला हे पटलं नव्हतं. "लेकराला का छळता? एक वर्ष नाही गेली शाळेत तर काय आभाळ कोसळतं?" आजीचा मुद्दा तुच्छतेने उडवण्यासारखा नाही, तिने नात रडताना पाहिली आहे. पण घरात एक माणूस दार किलकिलं ठेवणारं असलं की मुलाची नजर त्याच दारावर राहते. आजीला बाजूला न सारता काम दिलं: डबा तीच भरेल, निघताना तीच म्हणेल, "संध्याकाळी थालीपीठ लावते, ये." या एका वाक्यात शाळेत जाणं गृहीत धरलेलं आहे आणि परत येणंही.

सर्वात दमवणारा भाग रात्रीचा. "आई, तुला काही होणार नाही ना?" हा प्रश्न झोपेपर्यंत पंधरा-वीसदा. प्रत्येक वेळी "नाही गं राणी" म्हणणं स्वाभाविक आहे आणि निरुपयोगी आहे. उत्तराचा गुण दहा मिनिटं टिकतो आणि पुढच्या वेळी अधिक मोठा डोस लागतो. येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ आईवडिलांच्या अशा सवलतींवरच काम करतात: मुलाची भीती शमवण्यासाठी घरातले जे जे वाकतात, ते कमी करायला ते पालकांना शिकवतात, मुलाला बोलवतही नाहीत. वर उल्लेख आलेल्या वेंडी सिल्व्हरमनही त्यांच्या 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहभागी होत्या. फक्त पालकांना दिलेलं हे प्रशिक्षण मुलांना थेट दिलेल्या मानसोपचाराइतकंच उपयोगी ठरलं. त्यात पालकांच्या उत्तराला दोन बाजू असतात, भीती मान्य करणं आणि मुलावर भरवसा दाखवणं. "तुला भीती वाटते आहे, मला कळतंय. आणि भीती वाटत असतानाही तुला जमतं, हे मला माहीत आहे." एकदा म्हणायचं. पुन्हा विचारलं तर, "याचं उत्तर मी दिलंय," आणि डोक्यावर हात.

या मुलीच्या बाबतीत आणखी एक सत्य सांगणं बाकी होतं. "मला कधीच काही होणार नाही," असं आई म्हणू शकत नाही. मुलीने उलटं पाहिलं आहे. तेव्हा आईने ऑपरेशनची सगळी हकीकत सांगितली, पोटावरचे बारीक व्रण दाखवले आणि पुढचं ठरवलं: पुन्हा असं काही झालं तर बाबा शाळेच्या ऑफिसात फोन करतील, बाई तुला सांगतील, काकू न्यायला येतील आणि संध्याकाळी तू दवाखान्यात येशील. हे बोलणं झाल्यावर रात्रीचे प्रश्न निम्म्यावर आले. मुलांना वाईट बातमीपेक्षा न सांगितलेली बातमी जास्त छळते, असं मला तरी वाटतं.

पूर्ण दिवस सुरू झाल्यावर शाळेने सुटकेचा श्वास टाकला आणि बहुतेक योजना इथेच संपतात. ही संपली नाही, कारण दहा गुणांची पायरी राहिली होती. पहिल्या आठवड्यात साडेपाचला आई फाटकाशी होती, वेळ पाळून. मग रिक्षा आणि दारात आई. मग एके दिवशी, आधी सांगून, आई भाजीला गेलेली आणि घरात आजी. दहा मिनिटांनी आई आली. नंतर अर्धा तास. शेवटी दाराला कुलूप, किल्ली काकूंकडे, आई सहा वाजता. त्या दिवशी मुलीने आधी नऊ गुण दिले होते आणि आई आल्यावर विचारलं तेव्हा तीन. कुलूप लावलेल्या दारामागे आई परत येते, हे कुणाच्या सांगण्याने तिला पटलं नसतं.

मधे एक पायरी मोडलीही. दीड वाजताच्या पहिल्याच दिवशी ती फाटकातून मागे फिरली. अशा वेळी खालच्या पायरीवर यायचं, शून्यावर नाही. त्याच दिवशी सव्वातीनला तिला पुन्हा नेलं. दोन दिवस लागोपाठ पायरी जमली नाही तर ती फार उंच आहे असं समजून मधे आणखी एक पायरी घालावी. "आज राहू दे, उद्या पाहू," हे एक वाक्य चार दिवसांची कमाई घालवतं. ताप आला तर घरी राहायचंच. पण आजारपणाची व्याख्या आधी लिहून ठेवावी. थर्मामीटरवर 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, जुलाब, अंगावर पुरळ, उलट्यांवर उलट्या. निव्वळ "पोटात कसंतरी होतंय" यात बसत नाही.

सुट्ट्या हा दुसरा धोका. दिवाळीच्या सुट्टीत मूल पुन्हा तीन आठवडे आईला चिकटून राहतं आणि शाळा उघडते त्या सोमवारी सगळं पहिल्यापासून सुरू होतंय असं वाटतं. म्हणून सुट्टीतही रोज थोडा वेळ आईशिवाय जायला हवा, आत्याकडे एक रात्र, मैत्रिणीकडे एक दुपार. शाळा उघडायच्या आदल्या शनिवारी युनिफॉर्म, डबा, रिक्षा ठरवून ठेवायची आणि पहिल्या दिवशी पूर्ण दिवसच बसवायचं, सोडायला वडील. अर्ध्या दिवसाची सवलत इथे परत काढली की ती कायमची होते.

इतक्या पायऱ्या प्रत्येकाला लागतात असं नाही. फ्लोरिडातले मानसशास्त्रज्ञ वॉलेस केनेडी यांनी 1965 मध्ये पन्नास मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ही मुलं पहिल्यांदाच, अचानक शाळेला अडली होती आणि त्यांचे आईवडील एकमेकांशी व शाळेशी जुळवून होते. त्यांना सरळ पूर्ण दिवस शाळेत नेऊन बसवलं, ठामपणे आणि फार चर्चा न करता, आणि ती राहिली. ज्याचे चार-पाचच दिवस बुडलेत त्या लहान मुलासाठी आजही हाच मार्ग बरा. चार आठवड्यांची शिडी बांधणं त्याच्यासाठी जास्तीचं आहे. महिना उलटून गेला असेल, मूल दहा-बारा वर्षांचं असेल किंवा घरात आईवडिलांचंच पटत नसेल, तर ओढून नेण्याने मूल आणखी घट्ट बसतं.

घरची योजना दोनतीन आठवडे नीट चालवूनही हललं नाही, मूल निराश दिसतं, जेवण-झोप सुटलंय, किंवा मरण्याची भाषा करतंय, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. मरणाची भाषा असेल तर त्याच दिवशी. 2008 मध्ये अमेरिकेत सात ते सतरा वयाच्या 488 चिंताग्रस्त मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, नुसत्या मानसोपचाराने सुमारे 60 टक्के मुलं चांगली सुधारली, नुसत्या सर्ट्रालीन या औषधाने 55 टक्के आणि दोन्ही मिळून 81 टक्के. नुसत्या खोट्या गोळीने सुधारलेल्यांचं प्रमाण 24 टक्के होतं. औषधाचं नाव काढलं की आपल्याकडे घरात शांतता पसरते, म्हणून हे आकडे दिले. औषध डॉक्टरांनी ठरवायचं आणि त्यांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. पण भीती इतकी असेल की पहिल्या पायरीवरही पाऊल ठरत नाही, तेव्हा ते पाऊल टाकण्यापुरता आधार त्यातून मिळू शकतो.

गावात बालमानसोपचारतज्ज्ञ नसतील तर केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. पण त्याच्याही आधी एक करा. मूल लागोपाठ तिसऱ्या दिवशी घरी राहिलं असेल तर दुपारी शाळा सुटायच्या वेळी, मुलाला न नेता, आईवडील दोघांनी वर्गशिक्षिकेला जाऊन भेटा. आणि बाई-गुरुजींनो, तिसऱ्या दिवशी बाक रिकामा दिसला तर पालकांची वाट पाहू नका. तुम्हीच फोन करा.